आधी माती, मग गवत: खेळाच्या पांढऱ्या कपड्यांवरचे डाग धुण्याआधी कसे काढायचे

जुलै ते ऑक्टोबर या काळात रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर गोव्यात शाळेतल्या मुलाची पीटीची पांढरी पँट हातात घेतली, की गुडघ्यावर हिरवा ओरखडा आणि त्यावरच तांबडा थापा ठरलेला. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात. मैदानावर गवत घोट्यापर्यंत वाढलेलं असतं आणि त्याच्याखाली जांभ्याची माती. मूल घसरलं की दोन्ही एकाच जागी लागतात. घरात मग दोन्हींवर एकच इलाज होतो: पँट लगेच पाण्यात बुडवायची, साबणाची वडी फिरवायची, ब्रशने खसाखसा घासायचं, आणि एवढं करूनही नाहीच निघालं तर ब्लीच. हे दोन डाग मुळातच इतके वेगळे आहेत, की एकावर जे चालतं त्याने दुसरा पक्का होऊ शकतो. त्यामुळे साबण कुठला यापेक्षा काय आधी आणि काय नंतर, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी मातीचं बघू. कोकणातली माती तांबडी आहे ती लोखंडामुळे. लाखो वर्षं धो धो पाऊस पडून इथल्या दगडातली सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून गेले. मागे उरले लोखंड आणि अॅल्युमिनियम यांचे ऑक्साइड, जे पाण्यात विरघळत नाहीत. लोखंडाचं ऑक्साइड म्हणजे जवळजवळ गंजच. म्हणजे आपण ज्याला मातीचा डाग म्हणतो तो रंग विरघळून कापडात उतरल्यामुळे पडलेला नसतो, ते बारीक कण कापडात अडकून बसलेले असतात. मातीतले सगळ्यात बारीक चिकणकण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. कापसाचा एक तंतू त्याच्या कितीतरी पट जाड असतो, त्यामुळे दोन तंतूंच्या मधल्या फटीत असे कण आरामात शिरतात.

ओल्या चिखलावर ब्रश चालवला की नेमकं नुकसान होतं ते इथे. वरवर बसलेला चिखल पाण्यात पातळ होतो, ब्रश त्याला आत दाबतो, आणि ओला झालेला कापूस फुगून ते कण धरून ठेवतो. गुडघ्यावरचा रुपयाएवढा थापा अर्ध्या मांडीपर्यंत फिकट केशरी पसरतो. देशावरून बदली होऊन इकडे आलेल्या कुटुंबांना हे विशेष जड जातं. काळ्या मातीच्या डागाने कपडा मळकट दिसतो आणि दोन धुण्यांत चालण्यासारखा होतो. जांभ्याच्या मातीत लोखंडाचा रंग असल्यामुळे पांढऱ्यावर थोडी जरी उरली तरी लांबून दिसते.

गवताचं गणित उलटं आहे. गवत चिरडलं की पेशी फुटून रस बाहेर येतो आणि तो सरळ तंतूला रंगवतो. त्यात हरितद्रव्य असतं, प्रथिनं असतात, आणि टॅनिनसारखे तुरट पदार्थही असतात. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही खळबळलं तरी हिरवा रंग जागचा हलत नाही. प्रथिनं कडकडीत पाण्याने घट्ट होतात आणि तंतूला चिकटतात. टॅनिन क्षाराच्या संगतीत पक्कं होऊ शकतं, आणि आपल्या धुण्याच्या वडीत, त्याहून जास्त धुण्याच्या सोड्यात, क्षारच असतो.

लिंबू चोळण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पालेभाजीत चिंच किंवा टोमॅटो पडला की तिचा हिरवा रंग जाऊन ती शेवाळी-तपकिरी होते, तेच इथे कापडावर घडतं. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग बदलतो. डाग मात्र तिथेच असतो. आता तो हिरवा दिसत नाही एवढंच, आणि तपकिरी झाल्यावर तो गवताचा की मातीचा हेही कळत नाही. लिंबाचा उपयोग आहे, पण तो शेवटी, मातीसाठी, आणि हिरवं पूर्ण गेल्यावरच.

ब्लीचचं कोडं एका उदाहरणाने सांगते. आमच्या शेजारी बार्शीहून आलेलं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी शाळेच्या संघात फुटबॉल खेळते. एका सामन्यानंतर वहिनी तिची पांढरी हाफपँट घेऊन आल्या.

"अहो ताई, दोनदा ब्लीचमध्ये घातली. हिरवं गेलं, पण हे बघा, पिवळं जास्तच चढलंय."

"चढलेलं नाही वहिनी, ते आधीपासूनच होतं. हिरव्याखाली झाकलेलं होतं, आता उघडं पडलं."

ब्लीचचं काम म्हणजे रंगाचं ऑक्सिडीकरण करून तो मोडणं. हरितद्रव्य त्याने मोडतं. पण तांबडी माती म्हणजे आधीच पुरतं ऑक्सिडीकरण झालेलं लोखंड, त्याच्यावर ब्लीचला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ब्लीच वाढवत गेलं तर विरतं ते कापड, माती जशीच्या तशी. शिवाय इलॅस्टिक आणि ताणणाऱ्या जर्सीतला स्पँडेक्स क्लोरीनने खराब होतो.

आता कामाचा क्रम. खालचं सगळं पांढऱ्या टेरिकॉट किंवा सुती पँटसाठी आहे, रंगीत हाउस टी-शर्टचं शेवटी सांगते.

सामन्याहून आलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. घाम, ओल आणि गवताचा रस रात्रभर एकत्र राहिले की डाग सरकतो आणि वर बुरशीचे काळे ठिपके येतात, जे या दोन्हींपेक्षा चिवट. पँट उलगडून पंख्याखाली वाळत टाका. चिखलाचा जाड गोळा असेल तर बोथट सुरीच्या पाठीने किंवा जुन्या चमच्याने वरचेवर खरवडून काढा, दाबू नका. मग तो भाग पूर्ण कोरडा होऊ द्या. इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने घाई करायची नाही, कारण त्या उष्णतेने गवताचा डाग बसतो.

माती कोरडी झाली हे ओळखायचं असं: डागाचा भाग दोन बोटांत धरून दुमडला की वरचा थर भेगाळतो आणि पूड सुटते. पूड न सुटता कपडा गार लागला, तर आत अजून ओल आहे. कोरडं झाल्यावर गॅलरीत नेऊन कपडा झटका, मग जुन्या, मऊ टूथब्रशने एकाच दिशेने झाडा. गोलगोल घासलं की कण परत विणीत जातात. पँट उलटी करून मागूनही बोटांनी टिचक्या मारा, अडकलेली बरीचशी माती अशीच पडते. हे पाच-सात मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त माती इथेच निघते. पुढचे सगळे टप्पे फक्त उरलेल्यासाठी.

कपडा अजून कोरडा आहे तोवरच हिरव्याकडे वळायचं. पाण्याच्या आधी का, तर अल्कोहोल कोरड्या कापडावर चांगलं काम करतं, ओल्यावर ते पाण्यात मिसळून पातळ होतं. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा. डागाखाली जुना पांढरा पंचा किंवा टॉवेल घडी करून ठेवा, पँट उलटी ठेवा म्हणजे डागाची पुढची बाजू टॉवेलवर येईल. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत या. चोळायचं नाही, दाबून उचलायचं. दोन-तीन मिनिटांत खालच्या टॉवेलवर हिरवट वर्तुळ उमटतं. ते उमटलं म्हणजे रंग विरघळून खाली उतरतोय. मग टॉवेलची कोरडी घडी डागाखाली आणा आणि बोळा बदला, नाहीतर निघालेलं हिरवं परत त्याच पँटला लावत बसाल. टॉवेलवर रंग उतरायचा थांबला की हा टप्पा संपला, डाग पूर्ण गेलेला नसला तरीही. उरतं ते प्रथिन आणि टॅनिन, त्यांच्यावर स्पिरिट फारसं चालत नाही.

स्पिरिट नसेल तर हँड सॅनिटायझर चालतो, त्यातही अल्कोहोलच असतं. फक्त त्यातल्या ग्लिसरीनमुळे तो भाग नंतर नीट धुवावा लागतो. काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून लांब करा. स्पिरिट भुर्रकन पेटतं, आणि आपल्याकडे धुण्याचा कोपरा बऱ्याचदा स्वयंपाकघराला लागूनच असतो. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरणारे लोक मला माहीत आहेत. त्यात डाग जाईल न जाईल, वास मात्र पुढच्या सामन्यापर्यंत टिकतो, आणि आगीचा धोका आहेच.

आता पाणी. पँट उलटी ठेवूनच डागाचा भाग वाहत्या थंड पाण्याच्या नळाखाली मागच्या बाजूने धरा. कण ज्या वाटेने आत शिरले त्याच वाटेने बाहेर ढकलायचे आहेत. पुढून धार सोडली तर ते पलीकडे, आणखी आत जातात. खाली पांढरी बादली किंवा टब ठेवला तर पाण्याचा रंग दिसतो. सुरुवातीला ते चहासारखं येतं, मग फिकट होत जातं. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत साबण लावायची घाई करू नका.

पाणी स्वच्छ झालं की लिक्विड डिटर्जंट किंवा भांड्यांचं लिक्विड थेट डागावर दोन्ही बाजूंनी लावा आणि पंधरा मिनिटं तसंच सोडा. डिटर्जंट चिकणकणांना वेढून तंतूपासून सुटे करतं आणि पाण्यात तरंगत ठेवतं, म्हणजे ते परत बसत नाहीत. मग हलक्या ब्रशने एका दिशेने, आणि पुन्हा मागून पाणी. गरज वाटली तर हे आणखी एकदा करा.

त्यानंतर उरलेल्या हिरव्यासाठी एन्झाइमवालं डिटर्जंट. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये एन्झाइम लिहिलंय का ते बघून घ्या, साध्या स्वस्त पावडरीत ते नसतंच असं समजा. एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा पावडर, आणि पँट त्यात अर्धा ते एक तास. एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतात, पण त्यांना वेळ लागतो आणि फार गरम पाण्यात ते निकामी होतात. पाण्यात हात घातल्यावर जेमतेम उबदार वाटावं, तेवढंच गरम. तासाभराने डाग फिकट झाला पण गेला नाही, तर पाणी बदलून आणखी दोन तास ठेवायला हरकत नाही.

वहिनींच्या पँटचं काय झालं ते इथे सांगायला हवं, कारण तिच्यात हिरवं ब्लीचने आधीच गेलं होतं आणि उरला होता फक्त केशरी पट्टा. ब्लीचचा अंश राहू नये म्हणून आम्ही आधी पँट भरपूर पाण्यातून काढली. मागून पाणी सोडलं तेव्हा थोडा वेळ ते केशरी आलं, म्हणजे सुटे कण अजून होते. डिटर्जंट लावून ते निघाले. त्यानंतर पाणी पूर्ण स्वच्छ येत होतं पण कापडावर फिकट पिवळसर छटा राहिली. हा फरक महत्त्वाचा आहे. पाणी रंगीत येतंय तोवर धुऊन माती निघणार आहे. पाणी स्वच्छ आणि कापड रंगीत, अशी वेळ आली की धुण्याचा उपयोग संपला. आता जे लोखंड तंतूत रुतलंय ते रसायनाने सोडवावं लागतं.

इथे लिंबाची पाळी. ताजं लिंबू चालतं, पण लिंबूसत्त्व, म्हणजे वाण्याकडे मिळणारं सायट्रिक अॅसिड, जास्त सोयीचं, कारण किती घातलं ते कळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे, त्यात डागाचा भाग एक तास. सायट्रिक अॅसिड लोखंडाला पकडून पाण्यात विरघळवतं. आम्ही भिजवलं तेव्हा अर्ध्या तासात फारसं काही दिसलं नाही, तासाने छटा फिकी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्यावर शिवणीच्या आतली जागा सोडली तर पँट मुलीला घालता आली. शिवणीत मात्र केशरी रेघ राहिली ती राहिलीच. तिथे कापडाच्या चार घड्या असतात, आणि तिथले कण बाहेर काढायला धार पोचत नाही.

लिंबूसत्त्वाची मर्यादा मान्य करायला हवी. ते सौम्य आहे, आणि जांभ्यातलं लोखंडाचं ऑक्साइड सहज विरघळणारं नाही. यापेक्षा जोरदार काम ऑक्झॅलिक अॅसिड करतं, गंजाचे डाग काढणाऱ्या काही औषधांत तेच असतं. पण ते विषारी आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडांना इजा होते. शाळकरी मुलाच्या पँटच्या डागासाठी ते घरात आणून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. पँट खरोखर वाचवायची असेल तर लाँड्रीवाल्याला दाखवा आणि डाग मातीचा आहे हे आवर्जून सांगा.

आता एक गोष्ट ठळकपणे. सायट्रिक असो नाहीतर लिंबाचा रस, आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच बादलीत, लागोपाठ, न धुता, अजिबात नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडचं बंद न्हाणीघर एवढंसं असतं. संडास साफ करायचं अॅसिड डागावर टाकणारेही असतात. त्यातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड मातीबरोबर सुती धागाही खातं. धुताना कळत नाही, पुढच्या सामन्यात मूल वाकलं की पँट तिथेच टरकते.

उरलेल्या पिवळटपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ऑक्सिजनवालं डागनाशक वापरायचं असेल तर ते फक्त पांढऱ्यावर, आणि माती पूर्ण गेल्यावरच. लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड फार जोरात मोडतं आणि नेमकं डागाच्या जागी कापड कमकुवत करतं, कधीकधी टाचणीएवढी भोकं पडतात. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांची बाटली मिळते, तिच्यात तेवढंच पाणी मिसळून वापरा आणि पंधरा-वीस मिनिटांत धुऊन टाका.

एवढं झाल्यावर पँट नेहमीसारखी धुवायची, पण पहिल्या वेळी वेगळी. मशीनमध्ये बाकीच्या पांढऱ्यांबरोबर टाकली तर उरलेले बारीक कण सुटून सगळ्यांवर बसतात आणि शाळेचा शर्ट तांबूस दिसायला लागतो. धुऊन झाल्यावर उजेडात तपासा. ओल्या कापडावर फिकट डाग दिसत नाही, त्यामुळे सावलीत वाळल्यावरच खरं काय ते कळतं. डाग दिसला तर इस्त्री करू नका, परत त्याच टप्प्यावर या. नीळ घालून पिवळटपणा झाकता येतो, पण लोखंड तसंच राहतं.

पावसात दोन-दोन दिवस कपडा वाळतच नाही, तेव्हा कोरडं करून झाडण्याची चैन परवडत नाही. अशा वेळी जाड चिखल खरवडा आणि न चोळता थेट मागून पाण्याची धार सोडा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, पंख्याखाली जेवढं सुकेल तेवढं सुकू द्या आणि मग स्पिरिट. परिणाम कमी मिळतो, पण ओल्यावर ब्रश मारण्यापेक्षा बरा.

पॉलिएस्टरच्या जर्सीला पाणी फारसं मुरत नाही, त्यामुळे माती सहसा लवकर निघते. पण पाठीवरच्या छापील नंबरावर आणि शाळेच्या लोगोवर स्पिरिट लावू नका, छपाई मऊ होऊन उचलली जाते. नंबराला लागूनच गवताचा डाग असेल तर कापसाऐवजी कानकाडीने तेवढाच भाग टिपा. रंगीत हाउस टी-शर्टवर, लाल, हिरवा, निळा कुठलाही असो, स्पिरिट आणि लिंबूसत्त्व दोन्ही आधी आतल्या शिवणीला लावून पाच मिनिटं थांबा आणि पांढऱ्या कापडाने दाबा. कापडावर रंग उतरला तर त्या टी-शर्टला फक्त कोरडं झाडणं, मागून पाणी आणि लिक्विड डिटर्जंट, बाकी काही नको.

तालमीत जाणाऱ्या मुलांच्या कपड्यांना मात्र हा क्रम तसाच लागू होत नाही. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेलं असतं. तिथे झाडून झाल्यावर आधी भांड्यांचं लिक्विड लावून तेल सोडवावं लागतं. हळदीवर वडीचा साबण लागला की ती क्षाराने लाल होते, ते बघून घाबरू नका. नीट धुऊन कडक उन्हात टाकल्यावर हळदीचा रंग फिकट होत जातो. उन्हाला उतरत नाही तो मातीतला लोखंडाचा रंग, त्याला पुन्हा लिंबूसत्त्वच.